वरची मर्यादा x नसून √x असेल, तर जादाचा गुणक कुठून येतो?

दुसरे_सत्र (धागाकर्ता)

नमस्कार. मी पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. गणित-२ मध्ये ज्या भागाला वर्गात सगळे डीयूआयएस म्हणतात, त्यातील एका उदाहरणावर माझी गाडी अडली आहे. एरर फंक्शन आम्हाला असे शिकवले आहे:

erf(x) = (2/√π) ∫ e^(−t²) dt, t = 0 पासून t = x पर्यंत.

प्रश्न erf(√x) चा डेरिव्हेटिव्ह काढा असा आहे. कलनाच्या मूलभूत प्रमेयानुसार वरची मर्यादा t च्या जागी ठेवली की काम होते, असे मी समजतो. म्हणून मी t = √x ठेवले आणि माझे उत्तर (2/√π) e^(−x) असे आले. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांच्या पुस्तकात मात्र e^(−x)/√(πx) हे उत्तर आहे, म्हणजे माझ्या उत्तराला आणखी 1/(2√x) ने गुणलेले आहे. स्पष्टीकरणादाखल तिथे "चेन रूल" एवढे दोनच शब्द आहेत. sin(x²) सारख्या ठिकाणी चेन रूल मला व्यवस्थित येतो, कारण तिथे फंक्शनच्या पोटात दुसरे फंक्शन डोळ्यांना दिसते. इथे √x इंटिग्रलच्या चिन्हाच्या डोक्यावर बसलेला आहे आणि आतल्या e^(−t²) मध्ये x कुठेही नाही. मग तो गुणक नेमका कशामुळे येतो?

एकदम_स्पष्ट

दोन्ही बाजूंना मर्यादा असलेले इंटिग्रल म्हणजे निश्चित इंटिग्रल. त्याची किंमत ही एक संख्या असते आणि संख्येचा डेरिव्हेटिव्ह शून्य असतो. प्रश्नच चुकीचा छापलेला दिसतो.

दुसरे_सत्र

दादा, वरची मर्यादा 3 किंवा 5 असती तर तुमचे म्हणणे मान्य होते. इथे ती √x आहे, त्यामुळे x बदलला की क्षेत्रफळ बदलते.

बारामतीचा_बंड्या

इतका विचार करायची गरज नाही. नियम एका ओळीचा आहे: वरची मर्यादा आतल्या फंक्शनमध्ये ठेवा आणि त्या मर्यादेच्या डेरिव्हेटिव्हने गुणा. खालची मर्यादाही x वर अवलंबून असेल, तर तिच्यासाठी हेच करून वजा करा. √x चा डेरिव्हेटिव्ह 1/(2√x), म्हणून पुस्तकातील उत्तर बरोबर. आमच्या बॅचने हा नियम डोळे झाकून वापरला आणि प्रत्येक वेळी गुण मिळाले.

फळ्यासमोर

बंड्याने दिलेला नियम या उदाहरणासाठी योग्य आहे, परंतु धागाकर्त्याने नियम विचारलेला नसून त्याचे कारण विचारले आहे. मी महाविद्यालयात हा विषय बरीच वर्षे शिकवला आणि ही शंका जवळजवळ प्रत्येक वर्गात कोणी ना कोणी विचारत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे पाहू, कारण या शंकेचे निरसन बीजगणितापेक्षा कोष्टकातून लवकर होते. एरर फंक्शनच्या कोष्टकात erf(0.9) ची किंमत ०.७९६९, erf(1) ची ०.८४२७ आणि erf(1.1) ची ०.८८०२ अशी सापडते. आपले फंक्शन erf(√x) आहे. √x ची किंमत ०.९ असते तेव्हा x असतो ०.८१, आणि √x ची किंमत १.१ असते तेव्हा x असतो १.२१. या दोन टोकांमध्ये फंक्शनची वाढ झाली ०.८८०२ वजा ०.७९६९, म्हणजे ०.०८३३.

आता या वाढीला कशाने भागायचे, हा खरा प्रश्न आहे. वरची मर्यादा ०.९ वरून १.१ वर गेली, म्हणजे ती ०.२ ने सरकली. ०.०८३३ ला ०.२ ने भागले तर ०.४१६५ येतात. तुझ्या उत्तरात x = 1 ठेवून पाहा: (2/√π) e^(−1) म्हणजे ०.४१५१. म्हणजे तू काढलेली संख्या निरर्थक नाही; वरची मर्यादा एकेकाने सरकवली तर क्षेत्रफळ कोणत्या दराने वाढते, ते तू अचूक काढले आहेस. पण प्रश्न x च्या सापेक्ष दराचा आहे, आणि x सरकला आहे ०.८१ पासून १.२१ पर्यंत, म्हणजे ०.४ ने. ०.०८३३ ला ०.४ ने भागले तर ०.२०८२ येतात, आणि पुस्तकातील e^(−x)/√(πx) मध्ये x = 1 ठेवले तर ०.२०७६ येतात. टोके आणखी जवळ घेतलीस तर उरलेला फरकही मिटत जाईल.

क्षेत्रफळातील वाढ दोन्ही हिशेबांत एकच आहे, फक्त भाजक बदलला. x = 1 च्या आसपास √x हा x च्या निम्म्या वेगाने सरकतो, आणि तो "निम्मा" म्हणजेच तुझा 1/(2√x).

आता हेच सर्वसाधारण स्वरूपात मांडू. F(x) म्हणजे 0 पासून g(x) पर्यंत f(t) चे इंटिग्रल असे समज. x ची किंमत h ने वाढवली, तर F मधील वाढ म्हणजे g(x) आणि g(x+h) यांच्या मधल्या पट्टीचे क्षेत्रफळ होय. f सलग असेल, तर इंटिग्रलच्या मध्यमूल्य प्रमेयाप्रमाणे त्या पट्टीत असा एखादा बिंदू c नक्की सापडतो की

F(x+h) − F(x) = f(c) · [g(x+h) − g(x)].

दोन्ही बाजूंना h ने भाग आणि h शून्याकडे ने. c हा g(x) आणि g(x+h) यांच्या मध्ये अडकलेला असल्यामुळे त्याला g(x) कडे जावेच लागते, म्हणून f(c) जातो f(g(x)) कडे, आणि कंसाला h ने भागून जे उरते ते g′(x) कडे जाते. चेन रूलचे नावही न घेता उत्तर हातात येते: f(g(x)) · g′(x). तू म्हणतोस तसे फंक्शनच्या आत फंक्शन इथेही आहे. "0 पासून u पर्यंतचे क्षेत्रफळ" हे बाहेरचे फंक्शन आणि √x हे आतले. बाहेरच्या फंक्शनला sin सारखे आटोपशीर नाव नसल्यामुळे ते चटकन नजरेत भरत नाही, इतकेच.

वरच्या मांडणीत दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्या लक्षात ठेव. f हा g(x) पाशी सलग असावा लागतो आणि g ला x पाशी डेरिव्हेटिव्ह असावा लागतो.

दुसरे_सत्र

सर, ०.२ आणि ०.४ चा भाग वाचला आणि लगेच उलगडा झाला. मी भाजक कोणता घ्यायचा याकडे पाहिलेच नव्हते. एक उपप्रश्न आहे: e^(−x)/√(πx) मध्ये x = 0 ठेवता येत नाही. परीक्षेत उत्तरापुढे x > 0 असे लिहावे का?

बारामतीचा_बंड्या

परीक्षेत कोणीही लिहीत नाही. प्रश्नात नसलेली अट आपण कशाला घालायची?

अनुराधा_गणित

लिहावे, असे माझे मत आहे, आणि ते निव्वळ काटेकोरपणापोटी नाही. शून्यापाशी √x चा आलेख उभा चढतो, त्यामुळे तिथे g′ अस्तित्वात नाही आणि e^(−t²) ची किंमत तिथे १ आहे, म्हणजे उभ्या चढाला दाबून टाकणारे काहीही नाही. परिणामी erf(√x) चा आलेखही शून्यापाशी उभाच चढतो. x > 0 ही अट म्हणजे उत्तराचाच एक भाग आहे.

बंड्या यांच्या "डोळे झाकून" या शब्दांवर मात्र मला आक्षेप आहे. पुढील उदाहरण डोळे झाकून सोडवून पाहावे: (x² − t) dt चे 0 पासून x² पर्यंतचे इंटिग्रल. आत t = x² ठेवले की x² − x² म्हणजे शून्य येते, त्याला 2x ने गुणले तरी शून्यच राहते, आणि तुमच्या नियमाप्रमाणे डेरिव्हेटिव्ह शून्य ठरतो. प्रत्यक्षात हे इंटिग्रल सरळ सोडवता येते. त्याची किंमत x⁴/2 आहे, म्हणून डेरिव्हेटिव्ह 2x³ असायला हवा.

बारामतीचा_बंड्या

इथे आतही x आहे. मी सांगितलेला नियम आत फक्त t असेल तेव्हाचा आहे.

अनुराधा_गणित

तीच तर अडचण आहे. ही अट तुमच्या एका ओळीत नव्हती, आणि डीयूआयएसच्या प्रश्नांत आत x किंवा a हटकून असतोच. असे असले की x बदलल्यावर दोन गोष्टी घडतात: वरची कड सरकते, आणि आतला आलेखही वरखाली होतो. पहिल्याचा वाटा तुमचा नियम देतो. दुसऱ्याचा वाटा मिळवण्यासाठी t ला स्थिर धरून आतल्या राशीचा x च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्यावा लागतो आणि त्याचे इंटिग्रल करावे लागते. वरच्या उदाहरणात (x² − t) चा तसा डेरिव्हेटिव्ह 2x आहे, त्याचे 0 ते x² इंटिग्रल 2x³, आणि कडेचा वाटा शून्य. बेरीज 2x³ येते आणि ताळा जमतो.

f(t) sin a(x − t) चे 0 पासून x पर्यंतचे इंटिग्रल घेऊन y″ + a²y = a f(x) सिद्ध करा, हे नेहमी विचारले जाणारे उदाहरण याच जातीचे आहे. पहिल्या डेरिव्हेटिव्हला कडेचा वाटा शून्य होतो, कारण sin 0 शून्य आहे. दुसऱ्या वेळी sin चा cos झालेला असतो आणि कडेचा वाटा a f(x) होऊन समोर येतो. पहिल्या पायरीत "काहीच आले नाही" म्हणून कडेचा वाटा लिहायचेच सोडून देणारी मुले दुसऱ्या पायरीतही तो विसरतात, आणि मग उजवी बाजू शून्य येते. पेपर तपासताना ही चूक लांबूनही ओळखू येते.

टाकी_समिती

मी गणिताचा माणूस नाही. सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या पाणी समितीवर आहे. धाग्याच्या नावातील "वरची मर्यादा" वाचून टाकीच्या पातळीबद्दल काही असेल असे वाटले, म्हणून आत आलो. आलोच आहे तर विचारतो.

आमच्याकडे आडवी ठेवलेली, दंडगोल आकाराची लोखंडी टाकी आहे. तिची त्रिज्या एक मीटर आणि लांबी चार मीटर आहे. बोअरचे पाणी पंपाने मिनिटाला साठ लिटर या दराने येते, असे मीटरवर दिसते. काठी बुडवून पातळी मोजली, तर तळाकडे पाणी भराभर चढते, टाकी निम्मी होईपर्यंत चढण्याचा वेग कमी होत जातो आणि वरच्या भागात तो पुन्हा वाढतो. सभासदांचे म्हणणे आहे की पंप मध्येच दम खातो आणि तो बदलावा. मीटर मात्र सतत साठच दाखवतो. कोणाचे खरे मानावे?

फळ्यासमोर

काका, तुम्ही चुकीच्या धाग्यावर आलेला नाहीत. तुमची टाकी म्हणजे या धाग्यातील इंटिग्रलच आहे. पंप बदलू नका.

तळापासून y उंचीवर पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ A(y) समजू. आडव्या दंडगोलासाठी ते 2L√(2Ry − y²) असते. t या वेळी पातळी h(t) असेल, तर टाकीतील एकूण पाणी

V(t) = ∫ A(y) dy, y = 0 पासून y = h(t) पर्यंत.

वरची मर्यादा ही स्वतःच वेळेचे फंक्शन आहे. म्हणून dV/dt = A(h) · h′(t). डाव्या बाजूला पंपाचा दर आहे, जो मीटर दाखवतो. h′(t) म्हणजे तुमच्या काठीवर दिसणारा वेग. या दोहोंच्या मध्ये A(h) आहे, आणि सभासद नेमका तोच विसरत आहेत.

आकडे घालून पाहू. पातळी २० सेंटिमीटर असताना A = 2 × 4 × √(0.4 − 0.04) = 8 × 0.6, म्हणजे ४.८ चौरस मीटर. पंप मिनिटाला ०.०६ घनमीटर पाणी देतो, म्हणून पातळी मिनिटाला ०.०६ भागिले ४.८, म्हणजे सव्वा सेंटिमीटर चढते. टाकी निम्मी भरली असताना A आठ चौरस मीटर होते आणि पातळी मिनिटाला पाऊण सेंटिमीटरच चढते. पंप तोच, पाणी तेवढेच, पण ते अधिक रुंद पृष्ठभागावर पसरते. निम्म्याच्या वर टाकी पुन्हा अरुंद होत जाते, म्हणून काठी पुन्हा भराभर ओली होऊ लागते.

सभासदांना दाखवायचे असेल तर सोपी खूण सांगतो. तळाच्या पहिल्या २० सेंटिमीटरमध्ये सुमारे ६५५ लिटर पाणी मावते, तर ९० पासून ११० सेंटिमीटरपर्यंतच्या २० सेंटिमीटरमध्ये सुमारे १,६०० लिटर. पंप ठीक असेल तर पहिल्या टप्प्याला अकरा मिनिटांच्या आसपास आणि दुसऱ्याला सत्तावीस मिनिटांच्या आसपास लागतील. दुसऱ्या टप्प्याला सत्तावीसऐवजी चाळीस मिनिटे लागली, तर मात्र पंपाची किंवा गळतीची शंका घ्यावी. मोजताना टाकीतून वापर बंद असला पाहिजे, हे सांगायला नकोच.

टाकी_समिती

म्हणजे काठीवर समान अंतराने रेघा मारून प्रत्येक रेघेला हजार लिटर धरायचे, ही आमची पद्धतच फसवी आहे. टँकरवाल्याशी होणाऱ्या वादाचे मूळही यातच असावे. रेघा कुठे मारायच्या ते कोणी काढून देईल का?

अनुराधा_गणित

देईन, पण स्वतंत्र धागा काढा. त्यासाठी V वरून उलट h काढावा लागतो आणि त्याचे सुटसुटीत सूत्र मिळत नाही. कोष्टकच करावे लागेल.

बारामतीचा_बंड्या

आता मला एक शंका आहे, आणि ती टाकीवरचीच आहे. टाकी पूर्ण रिकामी असताना h = 0, म्हणून A(0) = 0. मग सूत्राप्रमाणे dV/dt = A(h) · h′ = 0. पण पंप तर पहिल्या क्षणापासून मिनिटाला साठ लिटर ओततो आहे. म्हणजे एकतर पंप सुरू झालेला नाही किंवा सूत्र चुकीचे आहे. अनुराधाताईंनी माझ्या नियमात खोट काढली, आता सरांच्या नियमातील खोट कोण काढणार?

फळ्यासमोर

शंका चांगली आहे. शून्याला h′ ने गुणून शून्य लिहिताना h′ ही एक साधी संख्या आहे असे तू धरलेस. ती तशी आहे का, ते तपासू.

तळाजवळ y² हे 2Ry च्या मानाने नगण्य असते, म्हणून A(y) जवळपास 2L√(2R)·√y इतके असते. त्याचे इंटिग्रल केले की V ≈ (4L/3)√(2R) · h^(3/2). आपल्या आकड्यांत हा गुणक साधारण ७.५४ आहे. पंप स्थिर असल्याने V = 0.06 t. दोन्ही सारखे मांडले की h हा t^(2/3) च्या प्रमाणात येतो. पहिल्या मिनिटाअखेर पातळी चार सेंटिमीटर होते, आणि आठव्या मिनिटाअखेर सोळा, कारण आठचा दोन-तृतीयांश घात चार आहे. काकांनी रिकामी टाकी भरताना लक्ष ठेवले तर ही चाल काठीवरही दिसावी.

t^(2/3) चा आलेख शून्यापाशी उभा चढतो. तिथे h′ अस्तित्वातच नाही. म्हणजे मी आधी सांगितलेल्या दोन अटींपैकी दुसरी मोडली आहे, आणि अट मोडली की सूत्र गप्प बसते. ते "शून्य" असे उत्तर देत नाही. V चा डेरिव्हेटिव्ह मात्र तिथे ठणठणीत आहे, कारण V = 0.06 t ही सरळ रेषा आहे. शून्य क्षेत्रफळ आणि अनंत वेग यांचा गुणाकार इथे नेमका ०.०६ इतका भरतो, पण ते कळण्यासाठी V कडे थेट पाहावे लागते.

दुसरे_सत्र

सर, मग erf(√x) मध्येही शून्यापाशी दुसरीच अट मोडते, पण तिथे डेरिव्हेटिव्ह मिळत नाही आणि टाकीत मिळतो. मी स्वतः एक उदाहरण करून पाहिले. आत 2t ठेवले आणि वरची मर्यादा √x घेतली, तर इंटिग्रल सरळ x येते आणि डेरिव्हेटिव्ह शून्यापाशीसुद्धा १ येतो. (x ऋण नसल्यामुळे फक्त उजवीकडून पाहिले.) √x तोच, तरी निकाल वेगळा. अट मोडल्यावर काय होणार, हे आधी सांगता येते का?

अनुराधा_गणित

कडेजवळ दोन्ही फंक्शने घातांच्या रूपात वागत असतील, तर सांगता येते. समजा शून्याजवळ f(t) हा tᵖ सारखा आहे, p हा −1 पेक्षा मोठा आहे, आणि वरची मर्यादा x^q सारखी आहे, q धन आहे. इंटिग्रल केल्यावर t चा घात p + 1 होतो, आणि त्यात x^q ठेवले की x चा घात q(p + 1) होतो. सगळा निर्णय या एका संख्येवर आहे. ती १ पेक्षा मोठी असेल तर शून्यापाशी उजवीकडील डेरिव्हेटिव्ह शून्य, नेमकी १ असेल तर तो एक सांत संख्या, आणि १ पेक्षा लहान असेल तर आलेख उभा.

ताळा पाहा. erf(√x) मध्ये p = 0 आणि q = 1/2, म्हणून संख्या 1/2 येते आणि आलेख उभा. तुझ्या उदाहरणात p = 1, q = 1/2, म्हणून संख्या 1. टाकीत p = 1/2, q = 2/3, म्हणून 3/2 गुणिले 2/3, पुन्हा नेमकी 1; पंपाचा दर स्थिर असल्यामुळे तिला दुसरे काही होताच येत नव्हते.

उलट बाजूनेही फसगत होते, तीही सांगून ठेवते. आत 1/√t आणि वरची मर्यादा x² घ्या. x² ला सगळीकडे डेरिव्हेटिव्ह आहे, इंटिग्रलही व्यवस्थित मिळते आणि त्याची किंमत 2|x| येते. संख्या पुन्हा 1 आहे, परंतु इथे x ऋणही असू शकतो. उजवीकडून उतार २ आणि डावीकडून −२, म्हणून शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह नाही. पुष्कळ जण √(x²) च्या जागी x लिहून 2x काढतात आणि मोकळे होतात. x ऋण असताना उत्तर ऋण आले की लगेच सावध व्हावे, कारण 0 पासून x² पर्यंत धन फंक्शनचे इंटिग्रल ऋण येणे शक्य नाही.

एकदम_स्पष्ट

1/√t हे t = 0 पाशी अनंत होते. मग क्षेत्रफळ सांत कसे? इथे तरी प्रश्न चुकीचा आहे.

अनुराधा_गणित

आलेख अनंतापर्यंत जातो, पण फार बारीक होत जातो. 0 पासून 1 पर्यंतचे क्षेत्रफळ २ आहे. p हा −1 पेक्षा मोठा असावा, ही अट त्यासाठीच घातली होती.

फळ्यासमोर

पहिली अट मोडण्याचाही एक प्रकार नोंदवून ठेवतो, कारण तो उलट दिशेने आश्चर्य देतो. f ला t = 1 पाशी उडी असू दे: १ च्या आधी ०, १ पासून पुढे १. वरची मर्यादा 1 + x घेतली, तर x = 0 पाशी आलेखाला कोपरा येतो आणि डेरिव्हेटिव्ह नसतो. पण वरची मर्यादा 1 + x³ घेतली, तर x ऋण असताना इंटिग्रल ० आणि धन असताना x³ येते, आणि शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह चक्क अस्तित्वात असून तो शून्य आहे. कड उडीवरून जाते खरी, पण त्या क्षणी तिचा वेग शून्य असल्याने उडीचा धक्का बसत नाही. f मर्यादित असेल आणि g′ तिथे शून्य असेल, तर हे नेहमीच घडते. F मधील वाढ g मधील वाढीच्या ठरावीक पटीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, एवढ्यावरूनच ते सिद्ध होते. अनुराधा यांच्या 1/√t मध्ये g′ शून्य असूनही कोपरा आला, कारण तिथे f मर्यादित नाही.

बारामतीचा_बंड्या

हे सगळे मान्य, पण परीक्षेत x > 0 लिहिले नाही म्हणून कोणी गुण कापत नाही, या माझ्या मतावर मी ठाम आहे.

अनुराधा_गणित

कापत नसतीलही. मी तपासणारी असते तर अर्धा गुण कापला असता.

दुसरे_सत्र

ताई, q(p + 1) ची कसोटी वहीत उतरवून घेतली. एक गोष्ट मात्र तिच्यात बसत नाही. वरची मर्यादा √x आणि आत t · ln(1/t) घेतले, तर f शून्यापाशी शून्याकडेच जाते, पण ते कोणत्याही एका घातासारखे वागत नाही. p = 1 धरला तर संख्या नेमकी 1 येते, म्हणजे डेरिव्हेटिव्ह सांत मिळायला हवा. मी इंटिग्रल सोडवले तेव्हा (x/4) · ln(1/x) + x/4 असे आले, आणि x ने भागून शून्याकडे गेलो तर ते अनंताकडे जाते.

अनुराधा_गणित

तुझा हिशेब बरोबर आहे. संख्या नेमकी 1 असते तिथे घाताच्या बरोबरचा लॉगसुद्धा निकाल फिरवतो, आणि तिथे माझी कसोटी पुरत नाही. अशा ठिकाणी F(x) ला x ने भागून थेट लिमिट घेण्याखेरीज मला तरी सर्वसाधारण उपाय माहीत नाही. सरांना f आणि g वरूनच निर्णय देणारी एखादी व्यापक अट ठाऊक असेल तर त्यांनी लिहावे.

फळ्यासमोर

लॉग असलेल्या फंक्शनांपुरती एक अट मांडता येईल असे वाटते, पण g वर काय गृहीत धरायचे ते आधी नीट ठरवावे लागेल. मर्यादा शून्याजवळ हेलकावे खात असेल, उदाहरणार्थ √x · (2 + sin(1/x)), तर घाताची भाषाच चालत नाही. तोवर दुसरे_सत्र, तू हीच मर्यादा आणि आत 2t घेऊन F(x) ला x ने भागून पाहा आणि काय दिसते ते इथे लिही.